«फरक दिसला नाही» आणि «फरक नाही»: अभ्यास संपल्यावर पॉवर का काढू नये, आणि त्याऐवजी काय लिहावं

थीसिस सबमिट करायच्या आठवड्यात माझ्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास येतो. परवाही आला. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, हातात रिव्ह्यूअरचं पत्र, त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ: निकाल सिग्निफिकंट नाही, तरी अभ्यासाची पोस्ट हॉक, म्हणजे निकाल हातात आल्यानंतरची, पॉवर काढून द्यावी. त्यानं सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालून पॉवर काढलीही होती. «मॅडम, चौदा टक्केच येतेय. आता लिहू का, की पॉवर कमी होती म्हणून फरक सापडला नाही?»

मी त्याला ते लिहू दिलं नाही. का, आणि त्याच्या जागी काय लिहायचं, हे त्याला तासभर बसून समजावलं. तेच इथे पायरीपायरीनं मांडते आहे. ज्यांना पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे ढोबळ माहीत आहे पण पॉवरशी पहिल्यांदाच गाठ पडते आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी एक खरा अभ्यास समोर ठेवू

लिव्हर खराब झालेल्या रुग्णांमध्ये अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि कधी कधी फुटतात. रक्ताच्या उलट्या होतात, जीव धोक्यात येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर जे उपाय होते त्यांतले दोन इथे बघू. एक स्क्लेरोथेरपी, म्हणजे दुर्बीण घालून शिरेत औषध टोचायचं आणि ती बंद करायची. दुसरा ऑक्ट्रिओटाइड हे औषध सलाइनवाटे द्यायचं. दुसरा उपाय सोपा. रात्री दोन वाजता दुर्बीण चालवणारा डॉक्टर हजर नसला तरी देता येतो. त्यामुळे दोन्ही सारखेच गुणकारी आहेत का, हा प्रश्न फार मोलाचा होता.

१९९३ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी या दोन्हींची तुलना छापली. किती रुग्ण लागतील याचा हिशेब त्यांनी आधी केला होता, आणि उत्तर १८०० आलं होतं. अभ्यासात घेतले १००. रक्तस्राव थांबण्याचं प्रमाण ऑक्ट्रिओटाइडमध्ये ८४ टक्के आणि स्क्लेरोथेरपीत ९० टक्के निघालं. फरक सिग्निफिकंट नव्हता, आणि निष्कर्ष लिहिला गेला की दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक आहेत. डग्लस अल्टमन आणि मार्टिन ब्लँड या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच उदाहरण घेऊन या निष्कर्षातली चूक दाखवली. तेव्हापासून ते शिकवताना वापरलं जातं. मीही तेच वापरते, कारण त्याचे आकडे हातानं तपासता येतात.

दोन्ही गटांत पन्नासच्या आसपास रुग्ण होते. मी हिशेबासाठी ४९-४९ धरते. म्हणजे ऑक्ट्रिओटाइडमध्ये ४९ पैकी ४१ जणांचा रक्तस्राव थांबला आणि स्क्लेरोथेरपीत ४९ पैकी ४४ जणांचा. फरक तीन माणसांचा.

पॉवर हा कशाचा गुण आहे?

भाजीवाल्याच्या काट्यावर एक ग्रॅमची सोन्याची चिप ठेवली तर काटा हलत नाही. त्यावरून कोणी «चिपेला वजनच नाही» म्हणणार नाही. हा काटा किती लहान वजन ओळखू शकतो, हे आधी माहीत हवं. ते काट्याच्या बनावटीवरून ठरतं, आणि आपण कोणतं वजन शोधतो आहोत यावरूनही. शंभर ग्रॅम शोधायला तो काटा उत्तम, एक ग्रॅम शोधायला कुचकामी.

पॉवर म्हणजे नेमकं हेच. समजा खरा फरक अमुक इतका असेल, तर इतक्या रुग्णांत आपल्या चाचणीला तो सिग्निफिकंट म्हणून पकडता येण्याची शक्यता किती? या वाक्यातला «समजा अमुक इतका असेल» हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तो अमुक फरक डॉक्टर ठरवतो, आणि डेटा हातात येण्याआधी ठरवतो. किती फरक पडला तर मी उद्यापासून उपचार बदलेन? त्या फरकासाठी पॉवर ८० किंवा ९० टक्के राहील इतके रुग्ण घ्यायचे. सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइझच्या परिच्छेदात आपण हेच लिहितो, निदान लिहायला हवं.

पोस्ट हॉक पॉवरमध्ये हा «अमुक फरक» बाहेरून येत नाही. अभ्यासात जो फरक निघाला तोच उचलून सूत्रात घालतात. म्हणजे काटा किती हलला ते बघायचं, आणि त्या हलण्यावरूनच काट्याची बारकाई ठरवायची. हा हिशेब वर्तुळात फिरतो. कसा फिरतो ते आकड्यांत बघू.

पायरी १: पोस्ट हॉक पॉवर एकदा स्वतः काढून बघा, म्हणजे तिच्यात काय नाही ते कळेल

आर हे सॉफ्टवेअर उघडा आणि हे चालवा:

```r
prop.test(c(44, 41), c(49, 49), correct = FALSE)
power.prop.test(n = 49, p1 = 41/49, p2 = 44/49)
```

पहिल्या ओळीतून पी-व्हॅल्यू 0.37 मिळते. (`correct = FALSE` काढलंत तर दुरुस्ती धरून 0.55 येते. लहान अभ्यासात असा फरक पडतो, निष्कर्ष बदलत नाही.) दुसऱ्या ओळीतून पॉवर 0.14 मिळते. त्या रेसिडेंटचेही चौदाच टक्के होते, आणि हा निव्वळ योगायोग नव्हता. त्याची पी-व्हॅल्यू या अभ्यासासारखीच होती, मग पॉवरही तशीच येणार.

आता ही तीन ओळींची गंमत करून बघा. इथे ना रुग्णांची संख्या घातली आहे, ना टक्केवारी, ना आजार. फक्त पी-व्हॅल्यू:

```r
p <- c(0.01, 0.05, 0.10, 0.20, 0.37, 0.50)
z <- qnorm(1 - p/2)
round(pnorm(z - 1.96) + pnorm(-z - 1.96), 2)
```

उत्तर येतं:

```
0.73 0.50 0.38 0.25 0.15 0.10
```

पी 0.05 असेल तर पोस्ट हॉक पॉवर ५० टक्के. पी 0.10 असेल तर ३८. पी 0.37 असेल तर १५. (वर 0.14 आलं आणि इथे 0.15, कारण दोन सूत्रं किंचित वेगळी आहेत.) अभ्यास मलेरियाचा असो की मोतीबिंदूचा, रुग्ण ४० असोत की ४०००, या प्रकारच्या चाचणीत पी ठरली की पोस्ट हॉक पॉवर ठरली. टी टेस्टसारख्या चाचण्यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण नातं तसंच राहतं. तुम्ही पी-व्हॅल्यू आधीच छापली आहे. पोस्ट हॉक पॉवर छापणं म्हणजे तीच पी-व्हॅल्यू दुसऱ्या पट्टीवर मोजून पुन्हा छापणं. वाचकाला त्यातून नवं काहीही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट याच ओळीत दडली आहे. निकाल सिग्निफिकंट नसेल, म्हणजे पी 0.05 च्या वर असेल, तर पोस्ट हॉक पॉवर ५० टक्क्यांच्या खालीच येणार. नेहमीच. त्यामुळे «निकाल सिग्निफिकंट नाही, आणि तपासल्यावर कळलं की पॉवरही कमी होती» या वाक्यात तपासल्यावर काही कळलेलंच नसतं. ते आधीपासून ठरलेलं होतं. उत्तम आखलेल्या अभ्यासातही निकाल सिग्निफिकंट आला नाही की हीच ओळ निघेल.

हा आकडा उलट दिशेनं वापरला की जास्त घात होतो

पॉवर कमी होती ही सबब तरी नम्र आहे. याच्या उलटाही युक्तिवाद केला जातो, आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो: «निकाल सिग्निफिकंट नाही, पण पॉवर बरीच होती, म्हणजे फरक खरोखरच नाही.»

जॉन होएनिग आणि डेनिस हायसी यांनी २००१ मध्ये या युक्तिवादाचं पितळ उघडं पाडलं. वरचे आकडे समोर ठेवून विचार करा. एका अभ्यासात पी 0.50, पॉवर १० टक्के. दुसऱ्यात पी 0.10, पॉवर ३८ टक्के. दोन्ही सिग्निफिकंट नाहीत. वरच्या युक्तिवादानं दुसऱ्या अभ्यासाची पॉवर जास्त, म्हणून «फरक नाही» हे त्यात जास्त ठामपणे सिद्ध झालं. पण दुसऱ्याची पी-व्हॅल्यू लहान आहे. म्हणजे फरक असण्याच्या बाजूनं त्याच अभ्यासात जास्त पुरावा आहे! एकाच आकड्यातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात, तेव्हा तो आकडा त्या कामाचा नाही असं समजावं.

आणि तो आकडा स्थिरही नसतो

समजा तुम्ही अगदी व्यवस्थित आखणी केलीत, खरा फरक तुम्ही धरला तितकाच होता आणि खरी पॉवर ८० टक्के होती. हाच अभ्यास शंभर वेळा केला, आणि प्रत्येक वेळी पोस्ट हॉक पॉवर काढली, तर काय येईल? नशिबाच्या चढउतारामुळे प्रत्येक वेळी फरक थोडा वेगळा निघेल. त्यांतल्या साधारण पंचाण्णव अभ्यासांत पोस्ट हॉक पॉवर १३ टक्के ते ९९ टक्के या पट्ट्यात कुठेही पडेल. ज्याची खरी किंमत ८० आहे त्याचं मोजमाप १३ ही येऊ शकतं आणि ९९ ही. एवढ्या डगमगत्या आकड्यावर «माझा अभ्यास अपुरा होता» किंवा «पुरेसा होता» असं काहीच उभं राहू शकत नाही.

सॉफ्टवेअर हा आकडा फार सहज देतं, ही खरी अडचण. एसपीएसएसमध्ये `Observed power` अशी चौकट असते, त्यावर खूण केली की तक्त्यात एक रकाना वाढतो. `G*Power` मध्ये `Post hoc` असा पर्याय आहे. तिथे इफेक्ट साइझ तुम्हाला भरायचा असतो. आपल्या अभ्यासातून निघालेला भरला तर सापळ्यात अडकलात. आधी ठरवलेला, डॉक्टरी दृष्टीनं अर्थ असलेला फरक भरला तर तो वेगळा आणि रास्त हिशेब होतो. उदाहरणार्थ, ऑक्ट्रिओटाइडनं शंभरामागे १५ रुग्णांचं नुकसान होत असेल तर ते कळायलाच हवं, असं आधी ठरलं असतं तर:

```r
power.prop.test(n = 49, p1 = 0.90, p2 = 0.75)
```

उत्तर जवळपास 0.50. शंभरामागे १५ इतका मोठा, कोणत्याही वॉर्डात जाणवेल असा फरकसुद्धा या अभ्यासानं पकडला असता की नाही, हे नाणं उडवून ठरवण्यासारखं होतं. पॉवर कमी होती हे असं सांगायचं असतं. हे वाक्य अभ्यासाच्या आकाराबद्दल आहे, निकालाबद्दल नाही, आणि निकाल काहीही आला असता तरी ते खरंच राहिलं असतं.

पायरी २: कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढा आणि तिची दोन्ही टोकं मोठ्यानं वाचा

डेटा हातात आल्यावर पॉवरचं काम संपतं. तिथून पुढे अभ्यासानं काय सांगितलं आणि किती खात्रीनं सांगितलं, हे कॉन्फिडन्स इंटर्व्हल दाखवते. वर `prop.test` चालवलं तेव्हा ती छापून आलीच होती. स्क्लेरोथेरपी वजा ऑक्ट्रिओटाइड: फरक शंभरामागे ६, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे ७ पासून अधिक १९ पर्यंत.

आता दोन्ही टोकांचं वॉर्डातल्या भाषेत भाषांतर करा. उणे ७ च्या टोकाला ऑक्ट्रिओटाइड चांगलं ठरतं, शंभर रुग्णांमागे सात जास्त जणांचा रक्तस्राव थांबतो. अधिक १९ च्या टोकाला तेच औषध घेणाऱ्या शंभरांपैकी एकोणीस जास्त जणांचा रक्तस्राव थांबत नाही. हा डेटा या दोन्ही गोष्टींशी आणि त्यांच्या मधल्या सगळ्या शक्यतांशी जुळतो. त्यात शून्यही आहे, म्हणून निकाल सिग्निफिकंट नाही. पण शून्य आहे म्हणून एकोणीस नाहीसे होत नाहीत.

या पायरीवर घाई करू नका. मी रेसिडेंटना टोकं खरोखर मोठ्यानं वाचायला लावते. «मॅडम, शंभरात एकोणीस म्हणजे...» असं म्हणून जो थांबतो, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

पायरी ३: किती फरक चालेल, ते डेटाकडे न बघता ठरवा

ती इंटर्व्हल कुठे पडली हे सांगायला जमिनीवर एक रेघ लागते. दोन उपचारांत किती फरक असला तरी आपण त्यांना एकासारखं एक मानू? ही रेघ संख्याशास्त्रातून येत नाही. ती त्या विषयातल्या डॉक्टरांनी, जमल्यास रुग्णांना विचारून, आधीच आखायची असते. सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे जातो तेव्हाच लिहून ठेवलेली असेल तर उत्तमच.

समजा रेघ शंभरामागे १० वर आखली. मग तीन शक्यता उरतात. अख्खी इंटर्व्हल उणे १० आणि अधिक १० च्या आत बसली, तर «दोन्ही उपचार सारखे» म्हणायचा हक्क मिळतो. त्यासाठीच मुद्दाम आखलेले इक्विव्हॅलन्स अभ्यास असतात, आणि त्यांना सहसा भरपूर रुग्ण लागतात. इंटर्व्हल शून्याला न शिवता पूर्ण एका बाजूला पडली, तर फरक आहे. ती शून्यालाही पोटात घेते आणि रेघेच्या बाहेरही जाते, तर अभ्यासानं उत्तर दिलेलं नाही. आपला अभ्यास उणे ७ ते १९ आहे, म्हणजे तिसऱ्या खणात. थीसिसमधले बहुतेक «नॉन-सिग्निफिकंट» निकाल याच खणात पडतात, कारण तीन वर्षांत एका विभागात रुग्ण मिळतात तेवढेच.

रेघ आधी आखली नव्हती आणि आता डेटा बघून झाला आहे, अशी वेळ बऱ्याच जणांवर येते. तेव्हा मागे जाऊन सोयीची रेघ ओढू नका. इंटर्व्हल द्या, टोकांचा अर्थ लिहा, आणि रेघ आधी ठरवली नव्हती हेही लिहा.

पायरी ४: वाक्य आधी मराठीत बनवा

थीसिस इंग्रजीत लिहायचा असतो, तरी निष्कर्षाचं वाक्य आधी मराठीत बनवून बघा असं मी सुचवते. आपल्या भाषेत «फरक नाही» आणि «फरक दिसला नाही» यांच्यात चूक करणं अवघड आहे. घरात चष्मा शोधून «मला दिसला नाही» म्हणणारा माणूस आणि «घरात चष्मा नाही» म्हणणारा माणूस एकच गोष्ट सांगत नाहीत, हे आपल्याला उपजत कळतं. दुसरा माणूस प्रत्येक कपाट उघडून आलेला असायला हवा.

त्यामुळे हे लिहू नका: «ऑक्ट्रिओटाइड आणि स्क्लेरोथेरपी यांच्यात फरक नाही.» हेही नको: «फरक दिसला, पण तो सिग्निफिकंट नसल्यानं नगण्य आहे.» आणि हे तर नकोच: «रुग्ण जास्त घेतले असते तर निकाल सिग्निफिकंट आला असता.» ते कोणालाच माहीत नाही. खरा फरक शून्याच्या जवळ असेल तर रुग्ण वाढवल्यावर निकाल शून्याकडेच सरकेल.

हे लिहा: «रक्तस्राव थांबण्याचं प्रमाण ऑक्ट्रिओटाइड गटात ४९ पैकी ४१ आणि स्क्लेरोथेरपी गटात ४९ पैकी ४४ होतं. फरक शंभरामागे ६, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे ७ ते अधिक १९. ऑक्ट्रिओटाइड थोडं चांगलं असणं आणि बरंच वाईट असणं, या दोन्ही शक्यता या अभ्यासातून बाद होत नाहीत. दोन उपचार सारखे आहेत की नाहीत याबद्दल हा अभ्यास पुरेसा पुरावा देत नाही.»

शेवटचं वाक्य लिहिताना रेसिडेंटची आणि गाइडची दोघांचीही चलबिचल होते. तीन वर्षं काम केलं आणि «पुरेसा पुरावा नाही» लिहायचं? पण ते वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आधीच्या ओळीतली इंटर्व्हल ही तीन वर्षांच्या कामाची खरी कमाई आहे. सारांशातही हेच शब्द ठेवा. लोक पुष्कळदा तेवढंच वाचतात, आणि चर्चेत सांभाळून लिहिलेलं «दिसला नाही» सारांशात येईपर्यंत «नाही» होऊन बसतं. माझ्या नजरेला ही चूक सगळ्यात जास्त पडते.

एक शब्द चुकला तर काय होतं

हार्ट अटॅक आल्यावर रक्ताची गुठळी विरघळवायला स्ट्रेप्टोकायनेज द्यावं का, यावर १९५९ ते १९८८ या काळात ३३ अभ्यास झाले. बरेचसे लहान होते, आणि एकेकटे बघितले तर त्यांतल्या बहुतेकांचा निकाल सिग्निफिकंट नव्हता. एकेक वाचणाऱ्याला वाटत राहिलं की या औषधाचं काही खरं नाही. १९९२ मध्ये ते सगळे अभ्यास तारखेच्या क्रमानं एकावर एक रचून पुन्हा मोजले गेले. तेव्हा दिसलं की १९७३ सालापर्यंतच्या पहिल्या ८ अभ्यासांतले २४३२ रुग्ण एकत्र केले तर उत्तर तेव्हाच हातात होतं. औषधानं मृत्यूचं प्रमाण कमी होत होतं, ऑड्स रेशो 0.74. त्यानंतर आणखी २५ अभ्यासांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले. त्यांतले बहुसंख्य १९८६ आणि १९८८ च्या दोन महाकाय अभ्यासांतले होते. उत्तराची दिशा बदलली नाही, फक्त इंटर्व्हल अरुंद होत गेली. त्या वर्षांत कंट्रोल गटात पडलेल्या रुग्णांना ते औषध मिळालं नाही.

लहान अभ्यास करणं चूक नव्हतं. ते आठ लहान अभ्यास नसते तर २४३२ ची बेरीजही झाली नसती. प्रत्येकाच्या «दिसला नाही» मधून वाचणाऱ्यांनी «नाही» ऐकलं, तिथे वर्षं गेली.

पायरी ५: रिव्ह्यूअरला उत्तर

पोस्ट हॉक पॉवर मागणारा रिव्ह्यूअर किंवा परीक्षक बहुधा चांगल्या हेतूनंच विचारत असतो. निकाल सिग्निफिकंट नाही, तेव्हा अभ्यास पुरेसा मोठा होता का, ही त्याची शंका रास्त आहे. फक्त त्यानं चुकीचं हत्यार मागितलं आहे. म्हणून नकार द्यायचा तो शंकेला उत्तर देऊन. त्या रेसिडेंटसाठी आम्ही लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

«अभ्यासाच्या आकाराबद्दलच्या आपल्या सूचनेसाठी आभारी आहोत. निघालेल्या फरकावरून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूवरूनच ठरते, त्यामुळे तिच्यातून वेगळी माहिती मिळत नाही, म्हणून ती दिलेली नाही. आपल्या शंकेचं उत्तर म्हणून फरकाची ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल सारांशात आणि निकालांत जोडली आहे. अभ्यास आखताना कोणता फरक धरून किती रुग्ण ठरवले होते आणि प्रत्यक्षात किती मिळाले, हे पद्धतीच्या भागात लिहिलं आहे. निष्कर्षातलं ‹फरक नाही› हे वाक्य बदलून अभ्यासातून ठाम उत्तर मिळत नाही असं केलं आहे.»

शेवटचं वाक्य विसरू नका. पॉवर द्यायला नकार दिला आणि निष्कर्षात «फरक नाही» तसंच ठेवलं, तर रिव्ह्यूअरची मूळ तक्रार बरोबरच राहते.

आधी किती रुग्ण ठरवले होते आणि किती मिळाले, हे लिहायला पुष्कळ जण कचरतात. १८०० लागणार होते आणि १०० च घेतले, हे हाँगकाँगच्या त्या डॉक्टरांनी लपवलं नाही म्हणूनच आज आपल्याला त्यातून शिकता येतं. त्यांची चूक एका निष्कर्षाच्या वाक्यात होती.

तुम्ही पुढचा अभ्यास आखणार असाल, तर आत्ता निघालेल्या फरकावरून त्याची सॅम्पल साइझ काढू नका. शंभरामागे ६ हा फरक धरून ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात साधारण ४९२ रुग्ण लागतात. पण खरा फरक ६ आहे याची काहीच खात्री नाही, इंटर्व्हल तर उणे ७ ते १९ आहे. तिथेही सुरुवात «किती फरकानं उपचार बदलेल» इथूनच करा. आणि आहे त्याच अभ्यासात पी 0.05 च्या खाली येईपर्यंत थोडेथोडे रुग्ण भरत राहणं हा तर पी-व्हॅल्यूचा अर्थच पुसून टाकण्याचा प्रकार आहे.

राहिला तक्ता. टक्केवारी आणि पी-व्हॅल्यू देऊन थांबू नका, प्रत्येक गटातले मूळ आकडे छापा: किती रुग्ण होते, किती जणांचा रक्तस्राव थांबला, किती मध्येच सोडून गेले. दहा वर्षांनी कोणीतरी असे लहान अभ्यास गोळा करून एकत्र मोजायला बसेल. त्या माणसाला तुमची पी-व्हॅल्यू नको असेल. त्याला ४९ पैकी ४१ आणि ४९ पैकी ४४ हवे असतील.